मुख्य रस्त्यावरची गळती आणि संपादकांना पाठवलेले पत्र: इंदूरमधील एक प्रकरण

इंदूरच्या पश्चिम भागात मराठी कुटुंबांची बरीच वस्ती असलेला एक मुख्य रस्ता आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या रस्त्याच्या कडेला, डांबर आणि पेव्हर ब्लॉक जिथे मिळतात त्या सांध्यातून पाणी झिरपू लागले आणि डिसेंबर संपत आला तरी ते थांबले नव्हते. या काळात तक्रारी झाल्या, कर्मचारी येऊन गेले, खड्ड्यात एकदा गिट्टीही टाकली गेली. पण पाणी वाहतच राहिले. अखेर रस्त्यालगत राहणाऱ्या, इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेने दैनिकाच्या संपादकांना पत्र लिहिले. वस्तीत सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून मीही येथे तेच म्हणतो. मी काही वर्षे एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचा स्तंभ पाहिला आहे, त्यामुळे बाईंनी पत्राचा पहिला मसुदा मला दाखवला. तो मसुदा आणि छापलेले पत्र यांत बराच फरक पडला. तो का पडला आणि गळतीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय होते, हे सविस्तर नोंदवावे असे मला वाटते. वस्तीचे, दैनिकाचे आणि कार्यालयाचे नाव मी गाळले आहे. मूळ पत्र हिंदी दैनिकासाठी हिंदीत लिहिलेले होते. येथे ते मराठीत देत आहे.

पहिला मसुदा दोन पाने भरून होता आणि लेखन म्हणून तो उत्तम होता. त्यात अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी बांधलेल्या विहिरी आणि घाट होते. नर्मदेचे पाणी इंदूरला आणावे म्हणून १९७० साली शहराने केलेले आंदोलन होते. त्या वेळी बाई शाळकरी मुलगी होत्या आणि वडिलांबरोबर मोर्च्यात गेल्याची आठवण त्यांनी लिहिली होती. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी शहरात पोहोचले तेव्हाचा आनंदही त्यात होता. पुढे मात्र पत्राचा रोख बदलत गेला आणि ‘अधिकारी झोपले आहेत’, ‘ठेकेदाराशी संगनमत आहे’, ‘उपयंत्री जाणूनबुजून दुर्लक्ष करीत आहेत’ अशी वाक्ये आली. संताप रास्त होता. पण पाणी नेमके कुठे गळते, केव्हापासून, किती आणि कोणत्या वेळी, यातले काहीही त्या दोन पानांत नव्हते. रस्त्याचे नाव होते, पण तो रस्ता दीड किलोमीटर लांब आहे.

संगनमताचा आरोप तर छापताच आला नसता, कारण वाचकाच्या पत्रातील बदनामीकारक मजकुराची जबाबदारी तो छापणाऱ्यावरही येते आणि कोणताही जबाबदार संपादक असे वाक्य प्रथम काढून टाकतो. शिवाय असा आरोप संबंधित कार्यालयाला सोयीचा ठरतो. त्यांना एवढेच म्हणावे लागते की आरोप निराधार आहे, आणि मग गळतीविषयी बोलण्याची गरजच उरत नाही. मी बाईंना म्हटले, “बाई, यात त्यांना नाकारता येईल असे पुष्कळ आहे. नाकारता येणार नाही असे काय आहे, ते आधी पाहू या.” त्या थोड्या नाराज झाल्या, पण दुसऱ्याच दिवशी वही घेऊन कामाला लागल्या.

पाणी कोणत्या वाहिनीचे

तक्रारी आठवडेच्या आठवडे का अडकल्या, हे समजायला पाणी वस्तीत कसे येते ते पाहावे लागते. इंदूरला मिळणारे पाणी मुख्यतः नर्मदेचे आहे. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून ते उचलले जाते, शुद्ध केले जाते आणि पंपांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने पाचशे मीटरांहून अधिक उंची चढवून, सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून शहरात आणले जाते. शहरात ते ठिकठिकाणच्या उंच टाक्यांमध्ये भरले जाते आणि ठरलेल्या वेळी व्हॉल्व्ह उघडून टाकीतून वस्तीत सोडले जाते. बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआड, थोडा वेळच येते.

म्हणजे एकाच रस्त्याखाली दोन प्रकारच्या वाहिन्या असू शकतात. एक टाकी भरणारी, जाड आणि मोठी. दुसरी टाकीतून घरोघर पाणी नेणारी वितरण वाहिनी. वितरण वाहिनीत पाण्याचा दाब पुरवठ्याच्या वेळेपुरताच असतो, एरवी ती जवळजवळ रिकामी पडलेली असते. टाकी भरणाऱ्या वाहिनीत मात्र टाकी भरत असेपर्यंत दाब राहतो आणि हे भरण्याचे काम मुख्यतः रात्री चालते. दोन्हींची देखभाल वेगवेगळ्या लोकांकडे असते. घरपुरवठ्याची वाहिनी महापालिकेच्या झोन कार्यालयाचे लोक पाहतात, तर टाकीपर्यंतची वाहिनी नर्मदा योजनेचे काम पाहणाऱ्या शाखेकडे जाते. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला फक्त पाणी दिसते. ते कोणत्या वाहिनीचे आहे, हे दिसत नाही.

नेमके इथेच घोडे अडले होते. मोबाइलच्या अ‍ॅपवरून केलेल्या पहिल्या तक्रारीसोबत जे छायाचित्र गेले, त्यात पाणी कमी आणि खड्डा मोठा दिसत होता. त्यामुळे ती खराब रस्त्याची तक्रार म्हणून नोंदवली गेली, रस्त्याच्या कामाचे लोक आले आणि खड्ड्यात गिट्टी व चुरी टाकून गेले. चार दिवसांत ती वाहून गेली. पुढची तक्रार पाण्याची म्हणून नोंदवली, तेव्हा झोनचा कर्मचारी आला. तो दिवस वस्तीत पाणी येण्याचा नव्हता. त्याने वितरण वाहिनीच्या व्हॉल्व्हचे चेंबर उघडले, आत कोरडे पाहिले आणि वाहिनी बंद असताना गळती कशी असेल, हे सांडपाण्याचे किंवा कुणाच्या घरातले पाणी असावे, असा शेरा मारून तक्रार बंद केली. त्याने जे पाहिले ते खोटे नव्हते. पण त्याने पाहिलेली वाहिनी गळतच नव्हती.

म्हणून पत्रात पहिल्यांदा यायला हवी होती ती वेळांची नोंद. बाईंनी एका आठवड्यात वेगवेगळ्या वेळी प्रवाह पाहिला: दुपारी, रात्री उशिरा, पाणी येण्याच्या दिवशी पहाटेच्या पुरवठ्याच्या वेळी आणि पाणी न येण्याच्या दिवशी त्याच वेळी. पुरवठ्याच्या वेळी प्रवाह जराही वाढत नव्हता. पाणी न येण्याच्या दिवशी तो तितकाच होता. रात्री दहानंतर मात्र तो स्पष्टपणे जोर धरायचा आणि मध्यरात्री रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला पोहोचायचा. गळती वितरण वाहिनीत असती तर ती पुरवठ्याच्या वेळी वाढली असती आणि एरवी थांबली असती. एखाद्या घराची नळजोडणी गळत असती, तरी तिचे वेळापत्रक पुरवठ्याचेच असते आणि पाणी इतके येत नाही. रात्री वाढणारे आणि एरवीही न थांबणारे पाणी टाकी भरणाऱ्या वाहिनीकडे बोट दाखवत होते.

तरीही पत्रात ‘टाकी भरणारी वाहिनी फुटली आहे’ असे लिहू नका, असे मी बाईंना आग्रहाने सांगितले. जुन्या वाहिन्यांवरचे व्हॉल्व्ह अनेकदा पूर्ण बंद होत नाहीत. रात्री टाकी भरू लागली की त्या फटीतून वितरण वाहिनीतही थोडे पाणी उतरते आणि असेच चित्र दिसू शकते. आपला निष्कर्ष चुकला तर अधिकारी निष्कर्षावर बोट ठेवतात आणि निरीक्षणही बाजूला पडते. निरीक्षण जसेच्या तसे लिहिले, तर निष्कर्ष काढण्याचे काम ज्याचे आहे त्यालाच करावे लागते, आणि त्या नोंदी वाचून कोणताही अनुभवी यंत्री तोच निष्कर्ष काढतो.

हे सांडपाणी नव्हे, हेही दाखवणे भाग होते, कारण तक्रार त्याच शेऱ्यावर बंद झाली होती. पाणी स्वच्छ होते, वास नव्हता. पण एवढ्यावर भागत नाही. बाईंच्या ओळखीच्या, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी क्लोरीन तपासण्याचे द्रावण आणले. पाणीपुरवठ्यातले लोक याला ओटी टेस्ट म्हणतात: काचेच्या लहान नळीत पाणी घ्यायचे, द्रावणाचे थेंब टाकायचे, आणि पाणी पिवळसर झाले तर त्यात क्लोरीन आहे. जिथून पाणी वर येत होते त्याच फटीत नळी धरून पाणी घेतले आणि त्याला फिकट पिवळा रंग आला. घरच्या नळाच्या पाण्याला येतो त्यापेक्षा तो फिका होता, पण होता. सांडपाण्याला तो सहसा येत नाही. ही परीक्षा एकाच बाजूने भरवशाची आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. रंग आला तर पाणी बहुधा शुद्ध करून सोडलेलेच आहे. पण रंग आला नाही म्हणून ते नळाचे नाही असे म्हणता येत नाही, कारण मातीतून वाट काढताना क्लोरीन संपून जाऊ शकते.

किती पाणी

‘हजारो लिटर पाणी वाया जात आहे’ हे वाक्य गळतीच्या प्रत्येक पत्रात असते आणि त्याचा परिणाम शून्य असतो, कारण ते मोजलेले नसते हे वाचणाऱ्याला कळते. येथे मोजणे शक्य होते. रस्त्याच्या उताराने वाहत गेलेले पाणी पुढे एका चेंबरच्या जाळीतून खाली पडत होते. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने जाळीच्या तोंडाशी पत्र्याचा वाकवलेला तुकडा ठेवून सगळी धार एका ठिकाणी आणली, खाली दहा लिटरची बादली धरली आणि मोबाइलवर वेळ लावली. दुपारी बादली भरायला चोवीस सेकंद लागले, पुन्हा मोजले तरी एखाद्या सेकंदाचाच फरक पडला. रात्री तीच बादली पंधरा सेकंदांत भरली.

चोवीस सेकंदांत दहा लिटर म्हणजे मिनिटाला पंचवीस, तासाला दीड हजार आणि चोवीस तासांत ३६,००० लिटर. पत्रासाठी आम्ही दुपारचाच आकडा घेतला, कारण नोंदींमध्ये तो सर्वांत कमी होता. रात्रीचा धरला असता तर आकडा मोठा झाला असता, पण तो दिवसभर लागू पडला नसता. शिवाय मोजले ते फक्त जाळीपर्यंत पोहोचलेले पाणी. जमिनीखाली जिरलेले आणि वाटेत पसरलेले त्यात नाही. त्यामुळे ‘किमान’ हा शब्द पत्रात प्रामाणिकपणे वापरता आला. शहरी पुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटरचे प्रमाण सरकारी नियोजनात धरले जाते. त्या हिशेबाने हे पाणी सुमारे २६५ माणसांचे होते. बाईंना हा हिशेब आवडला होता, पण वृत्तपत्राच्या वाचकाला टँकर अधिक चटकन कळतो. म्हणून पाच हजार लिटरचे सात टँकर, एवढेच ठेवले.

मला स्वतःला वाया जाणाऱ्या पाण्यापेक्षा दोन गोष्टींची अधिक काळजी वाटत होती आणि त्या पत्रात याव्यात असा माझा आग्रह होता. पहिली म्हणजे रस्ता. वाहिनीतून बाहेर पडणारे पाणी आपल्याबरोबर बारीक माती घेऊन जाते. वरचे डांबर काही काळ तसेच राहते आणि खाली पोकळी वाढत जाते. जड वाहन नेमके त्यावरून गेले की रस्ता खचतो. जाळीपाशी धरलेली बादली थोडा वेळ तशीच ठेवली, तर तळाला पिवळसर मातीचा थर बसत होता. ती माती रस्त्याखालची होती. त्या रस्त्यावरून सकाळी शाळेच्या बस जातात.

दुसरी गोष्ट पिण्याच्या पाण्याची. वाहिनीत दाब असतो तोवर पाणी फटीतून बाहेर येते. दाब गेला, वाहिनी रिकामी होऊ लागली की तीच फट उलटे काम करते आणि भोवती साचलेले पाणी आत ओढले जाते. शेजारून सांडपाण्याची लाइन जात असेल आणि तीही पाझरत असेल, तर दूषित पाणी पुढच्या पुरवठ्यात मिसळते. सतत दाबाखाली असलेल्या वाहिनीला हा धोका कमी असतो. पण टाकी भरणे बंद असते तेव्हा तिचाही दाब उतरतो. नळाच्या टोकाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे असा आपल्याकडचा मानक आहे, आणि अशा मिश्रणापुढे तेवढे क्लोरीन पुरे पडत नाही. म्हणून गळती ही पाणी वाया जाण्याची तक्रार म्हणून मांडली तर ती रांगेत लागते, आणि आरोग्याचा व अपघाताचा प्रश्न म्हणून मांडली तर तिचा क्रम वर सरकतो. हे मांडणीतले कसब नव्हे. प्रश्न खरोखरच तसा आहे.

छापलेले पत्र

स्तंभाची मर्यादा साधारण दोनशे शब्दांची होती. अहिल्याबाई, १९७० आणि मोर्चा हे सगळे गाळताना बाईंना वाईट वाटले, आणि मलाही वाटले. नर्मदेचा उल्लेख मात्र एका वाक्यात राहिला आणि तो राहणे योग्यच होते. शेवटी पाठवलेले पत्र असे होते:

“महोदय, आमच्या वस्तीच्या मुख्य रस्त्यावर, बँकेच्या शाखेसमोरील विजेच्या खांबापासून (खांबाचा क्रमांक व छायाचित्र सोबत दिले आहे) सुमारे दहा फुटांवर, १२ नोव्हेंबरपासून जमिनीतून पाणी वाहत आहे. आम्ही ते निरनिराळ्या वेळी पाहिले. वस्तीत पाणीपुरवठा नसतो त्या दिवशीही ते वाहते, पुरवठ्याच्या वेळी वाढत नाही आणि रात्री दहानंतर मात्र लक्षणीय वाढते. तपासणीत त्यात क्लोरीन आढळले, म्हणजे हे सांडपाणी नाही. दुपारी, प्रवाह सर्वांत कमी असताना, बादलीने मोजले असता दिवसाला किमान ३६,००० लिटर, म्हणजे मोठे सात टँकर भरतील इतके पाणी वाहून जाते असे दिसते. नर्मदेचे हे पाणी सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून येथे आणलेले असते. वाहत्या पाण्याबरोबर रस्त्याखालची माती येत आहे आणि याच रस्त्यावरून शाळेच्या बस जातात. याविषयीच्या दोन तक्रारी निराकरण झाले असा शेरा मारून बंद करण्यात आल्या. त्यांचे क्रमांक सोबत आहेत. माझी विनंती एवढीच आहे की संबंधितांनी रात्री अकरानंतर येऊन ही जागा पाहावी, हे पाणी कोणत्या वाहिनीचे आहे आणि दुरुस्ती कोणत्या तारखेला होईल ते जाहीर करावे, आणि दुरुस्तीनंतर पहिला पुरवठा सोडण्यापूर्वी पाण्याची तपासणी करावी. — एक निवृत्त शिक्षिका”

पत्राखाली बाईंचे पूर्ण नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक संपादकांसाठी दिलेले होते, कारण पडताळणी करता येत नाही असे पत्र स्तंभ पाहणारा माणूस बाजूला ठेवतो. नाव छापू नये अशी विनंती त्यांनी केली होती आणि ती मान्य झाली. खांबाचा क्रमांक देण्याची कल्पना बाईंचीच. दुकानांच्या पाट्या बदलतात, घराचे नाव बाहेरच्या माणसाला सापडत नाही. विजेच्या खांबावर रंगवलेला क्रमांक मात्र रात्री विजेरीच्या उजेडातही वाचता येतो.

या पत्रातले सर्वांत उपयुक्त वाक्य माझ्या मते ‘रात्री अकरानंतर येऊन पाहावे’ हे आहे. दिवसा आलेला माणूस जे पाहून गेला होता तेच पुन्हा पाहून गेला असता. मागणीही मोजकी आणि पूर्ण करता येईल अशी होती. कोणाला निलंबित करा, चौकशी समिती नेमा, असे लिहिले असते तर उत्तर न देण्याचे कारण मिळाले असते. कोणती वाहिनी आणि कोणती तारीख, या दोन प्रश्नांना टाळणे कठीण असते.

पत्र दैनिकाला पाठवले त्याच दिवशी त्याची प्रत झोन कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला होता. छापून आलेल्या पत्राची कार्यालयात अधिकृत नोंद होतेच असे नाही. शिक्का मारलेल्या प्रतीची होते. पुढे मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ क्रमांकावर जाण्याची वेळ आली असती, तर तिथेही हाच आवक क्रमांक आधार म्हणून देता आला असता.

नंतर काय झाले

पत्र छापून आल्यावर त्याच आठवड्यात दैनिकाचा छायाचित्रकार येऊन गेला आणि एका रात्री दोन शाखांचे लोक एकत्र आले. ते पत्रामुळे आले, आवक शिक्क्यामुळे आले की रस्ता आणखी खचल्यामुळे, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. मात्र ते रात्री आले. एका वयस्क कर्मचाऱ्याने चेंबरमधून वाहिनीवर लोखंडी सळई टेकवली, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि थोड्या थोड्या अंतरावर तेच करत गेला. रस्ता शांत असताना गळतीचा आवाज सळईतून स्पष्ट येतो. दिवसाच्या रहदारीत ही पद्धत चालत नाही. आवाज सर्वांत मोठा जिथे आला, ती जागा पाणी वर येत होते तिथून बरीच अलीकडे, चढाच्या बाजूला होती. बाई म्हणाल्या, “म्हणजे गिट्टी टाकली ती जागाच वेगळी.” तो म्हणाला, “माताजी, पाणी चराच्या मातीतून वाहत जाते आणि जिथे वाट मिळते तिथे वर येते. वरची ओल पाहून खोदले तर हाती काही लागत नाही.”

खोदल्यावर टाकी भरणारी जुनी बिडाची वाहिनी निघाली. तिच्या दोन नळांच्या सांध्यातले शिसे एका बाजूने सुटले होते. वरून जाणाऱ्या जड वाहनांनी जमीन दबत राहिली की असे सांधे हळूहळू सैल होतात. दुरुस्ती स्वतः फार अवघड नव्हती: पंपाने खड्ड्यातले पाणी उपसायचे, सांधा साफ करायचा आणि वरून लोखंडी कॉलर कसायची. अवघड होते ते वाहिनी बंद करणे. ती बंद ठेवली तर टाकी भरत नाही, आणि टाकी भरली नाही तर तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या वस्त्यांचा पाण्याचा एक वार चुकतो. एक दिवसाआड पाणी घेणाऱ्या माणसाला मग तीन दिवस थांबावे लागते. आठवडेच्या आठवडे निर्णय का होत नव्हता, याचे एक खरे कारण माझ्या मते इथे आहे. गळती चालू राहिली तर एक रस्ता तक्रार करतो. दुरुस्तीला हात घातला तर अनेक वस्त्या तक्रार करतात. तारीख जाहीर करा ही पत्रातली मागणी त्यामुळेच महत्त्वाची ठरली. आदल्या दिवशी कचरागाडीच्या भोंग्यावरून सूचना फिरली, लोकांनी पाणी भरून ठेवले आणि पुरवठा चुकला त्या दिवशी फारशी ओरड झाली नाही.

पाण्याची तपासणी मागणीप्रमाणे झाली की नाही, याचे लेखी उत्तर आले नाही. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या पुरवठ्यात सुरुवातीची काही मिनिटे पाणी गढूळ होते. वाहिनी उघडल्यावर तसे होणे अपेक्षित असते, आणि बाईंनी शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवले होते की पहिले पाणी सोडून द्या आणि दोन वार उकळून प्या. ओटीचे द्रावण उरले होते, त्याने नळाचे पाणी पाहिले तेव्हा रंग व्यवस्थित आला.

रस्त्याचे काम मात्र अर्धवट राहिले. खड्डा एकाच वेळी मातीने भरला गेला. तो थराथराने, प्रत्येक थर पाणी मारून ठोकत भरायला हवा होता. तसे न केल्याने पंधरवड्यात तो भाग बराच खाली बसला आणि दुचाक्या तिथे उसळू लागल्या. हे काम आता पाणीपुरवठ्याचे राहिले नाही, रस्त्याच्या शाखेचे झाले. त्यामुळे त्याची तक्रार स्वतंत्र नोंदवावी लागली, यावेळी खराब रस्ता म्हणूनच. बाईंनी दैनिकाला पाठवलेले दुसरे पत्र पाच ओळींचे आहे: दुरुस्ती झाल्याबद्दल त्या रात्री खड्ड्यात उतरलेल्या कर्मचाऱ्यांचे आभार, बसलेल्या भागाची लांबी-रुंदी, तोच खांबाचा क्रमांक, आणि डांबरीकरण कधी होणार हा प्रश्न. ते अजून छापून आलेले नाही. कार्यालयातल्या प्रतीवर आवक शिक्का पडला आहे.